बारा अंशांचा नियम आणि न दिसलेले दहा ग्रॅम

कृषी महाविद्यालयांतल्या प्रबंधांमध्ये एक शब्द जागोजागी भेटतो : ‘ॲट पार’. चार खतांची तुलना केली, ॲनोव्हा चालवला, एफ-चाचणीत फरक लक्षणीय निघाला नाही, की ‘चारही ट्रीटमेंट ॲट पार’ असे लिहून प्रकरण मिटते. वाचणारा समजतो की चारही खते सारखीच. प्रयोगाने मात्र तसे काहीही सांगितलेले नसते. त्याने एवढेच सांगितलेले असते की मला फरक दिसला नाही. त्याची नजर कितपत अधू होती, हा प्रश्न सहसा मार्गदर्शक विचारत नाहीत आणि परीक्षकही विचारत नाहीत.

ती नजर ठरते दर गटात किती कुंड्या, किती कोंबड्या, किती वाफे घेतले यावरून. हा आकडा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एका ठोकताळ्याने ठरत आला आहे : त्रुटीचे स्वातंत्र्यअंश, म्हणजे ‘एरर डीएफ’, बारापेक्षा कमी नकोत. चार गट असतील आणि रचना साधी एकमार्गी असेल, तर दर गटात ४ कुंड्या घेतल्या की ४ × ३ = १२. नियम पाळला गेला, १६ कुंड्यांत काम झाले.

हा नियम वेडगळ नाही. चार गटांसाठी ५ टक्के पातळीवरचा एफचा तक्ता पाहा. त्रुटीचे अंश ६ असताना ओलांडायची रेघ ४.७६ वर असते, १२ असताना ती ३.४९ वर येते, २४ ला ३.०१ आणि पुढे कितीही वाढवले तरी २.६० च्या खाली जात नाही. बारापर्यंत ती झपाट्याने उतरते, मग उतार मंदावतो. एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत आपोआप पडणाऱ्या फरकाचा अंदाजही बाराच्या आत फार डळमळीत असतो. थोडक्यात, मोजपट्टी किमान बरी असावी याची काळजी हा नियम घेतो. मोजायची वस्तू केवढी आहे, हे मात्र तो विचारतच नाही.

तो प्रश्न विचारला गेला त्याला आता खूप वर्षे झाली. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात आले आणि १९२५ च्या त्यांच्या पुस्तकातून प्रचरण विश्लेषण शेतीशास्त्रज्ञांच्या हाती पडले. पुनरावृत्ती वाढवली की प्रयोग तीक्ष्ण होतो हे ते सांगत, पण खरा फरक चाचणीच्या हातून निसटण्याची शक्यता आधीच मोजून ठेवण्याची कल्पना त्यांना कधीच रुचली नाही. ती कल्पना येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांची, १९३३ ची. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पी. सी. टँग यांनी १९३८ साली ॲनोव्हाच्या ताकदीचे तक्ते प्रसिद्ध केले आणि १९५१ मध्ये पिअर्सन व हार्टले यांनी त्याचे आलेख काढून दिले. नेमन आणि पिअर्सन यांच्याच हाताखाली, त्याच कॉलेजात, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे तीसच्या दशकाच्या मध्यावर शिकत होते. त्यांनी पानसे यांच्यासह लिहिलेले शेतीसंशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली आले आणि आपल्याकडे घरोघरी नाही तरी विभागोविभागी पोहोचले. म्हणजे या विद्येच्या उगमापाशी आपला माणूस होता. तरीही शिक्षणातून खाली झिरपला तो बाराचा ठोकताळा, टँगचे तक्ते नाहीत. माझ्या मते कारण सरळ आहे. ठोकताळ्याला फक्त गटांची संख्या लागते. तक्त्याला आधी दोन आकडे द्यावे लागतात, पकडायचा फरक आणि एकाच गटातले प्रमाण विचलन, आणि ते प्रयोग करणाऱ्यानेच द्यायचे असतात.

एक उदाहरण घेऊ. कुंडीत वाढवलेल्या ज्वारीचे धान्य सुमारे ४० ग्रॅम भरते. एकाच खताच्या कुंड्यांमध्येही वजन कमीजास्त होते, त्याचे प्रमाण विचलन १० ग्रॅम. शेतकऱ्याला उपयोगी पडेल असा फरक १० ग्रॅमचा. चाचणीची पातळी नेहमीची ५ टक्के, आणि खरा फरक असल्यास तो ८० टक्के वेळा पकडला जावा ही अपेक्षा.

एवढ्यावर दर गटातल्या कुंड्या ठरल्या असे वाटते, पण ठरत नाहीत. चार सरासरी कशा विखुरल्या आहेत तेही हवे. ४०, ४०, ५०, ५० अशी दोन-दोनची फळी असेल तर दर गटात १२ कुंड्या पुरतात. तीन खते ४० वर आणि एकच ५० वर असेल तर १६ लागतात. ४०, ४५, ४५, ५० अशी मधली दोन मध्यावर बसली तर २३. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सरासरीतले अंतर तिन्ही ठिकाणी १० ग्रॅमच, तरी कुंड्या जवळजवळ दुप्पट. एफ-चाचणी टोकांमधले अंतर पाहत नाही, सर्व सरासरी मिळून मध्यापासून किती पांगल्या आहेत ते पाहते. मांडणी आधी ठाऊक नसेल तर शेवटची, सर्वांत कठीण धरावी. आर या प्रणालीत हे एका ओळीचे काम आहे :

```
power.anova.test(groups = 4,
  between.var = var(c(40, 45, 45, 50)),
  within.var = 100, power = 0.80)
```

उत्तर २३ च्या किंचित खाली येते. ते वर उचलून २३ करायचे.

आता बाराच्या नियमाकडे परत पाहा. सर्वांत सोयीची, म्हणजे दोन-दोनच्या फळीची मांडणी धरली आणि दर गटात ४ नव्हे, ५ कुंड्या घेतल्या, तरी फरक पकडण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के भरते. दहा ग्रॅमचा खराखुरा फरक असताना तीनपैकी जवळजवळ दोन प्रयोग ‘ॲट पार’ लिहून संपणार. आणि जो तिसरा ‘यशस्वी’ होतो, त्यात योगायोगाने फरक फुगलेला असतो, म्हणून पुढच्या हंगामात तो पुन्हा तेवढा मिळत नाही.

खरी अडचण त्या १० ग्रॅमच्या प्रमाण विचलनात आहे. ते बहुतेक वेळा छोट्या चाचपणी प्रयोगातून येते, आणि छोट्या नमुन्यातले विचलन खऱ्यापेक्षा कमी निघण्याचीच शक्यता जास्त. ते १० ऐवजी १४ असेल तर कुंड्या दुप्पट लागतात, कारण हिशेब वर्गाने वाढतो. आपल्याच केंद्रातल्या मागच्या काही हंगामांचे त्रुटी-प्रचरण काढून त्यातला वरच्या बाजूचा आकडा धरणे हे शहाणपणाचे. आणि एका कुंडीतली पाच रोपे म्हणजे पाच पुनरावृत्त्या नव्हेत. खत कुंडीला दिले आहे, तेव्हा मोजायची ती कुंडीच.

हे दोन आकडे देण्याची टाळाटाळ फक्त आपणच करतो असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६२ मध्ये एका नामांकित नियतकालिकाचा १९६० चा खंड तपासला. मध्यम आकाराचा परिणाम पकडण्याची त्या अभ्यासांची सरासरी ताकद ०.४८ निघाली, म्हणजे नाणे उडवण्याइतकी. उपाय म्हणून त्यांनी परिणामांना लहान, मध्यम, मोठा अशी मापे दिली. ॲनोव्हासाठी मध्यम म्हणजे ०.२५. चार गटांसाठी ते दर गटात ४५ इतके येते. आज अनेक प्रस्तावांत हा ०.२५ डोळे मिटून भरलेला दिसतो. काहीच माहीत नसेल तेव्हाचा आधार म्हणून कोहेननी तो दिला होता. ज्वारीचे ग्रॅम माहीत असताना तो वापरणे म्हणजे बाराच्या जागी दुसरा ठोकताळा आणणे झाले.

२३ चौक ९२ कुंड्या कुठून आणायच्या, हा आक्षेप रास्त आहे. अनुदान तेवढे नसते, हरितगृहात जागा नसते. मग गणित उलटे करावे. एकूण ४८ कुंड्या असतील तर दर गटात १२, आणि कठीण मांडणीतही सुमारे १४ ग्रॅमचा फरक ८० टक्के वेळा दिसेल. एक खत वगळले तर दर गटात १६ मिळतात, नजर आणखी सुधारते. हातात १६ च कुंड्या असतील तर हाच आकडा २७-२८ ग्रॅमवर जातो, चाळीस ग्रॅमच्या पिकात. तो प्रयोग करू नये असे मी म्हणत नाही. पण प्रबंधात ‘ॲट पार’च्या शेजारी ते २७-२८ ग्रॅम छापलेच पाहिजेत, आणि विद्यापीठांच्या संशोधन समित्यांनी ते आराखड्यातच, पेरणीच्या आधी, मागून घ्यावेत.