‘त्याची’ म्हणजे कोणाची?

जळगावच्या डाळमिलमधून धुळ्याच्या पेढीवर एक निरोप येतो, असे समजा : ‘डाळ काल रवाना केली, बिल सोबत आहे. आपला मागील बाकीचा चेक मिळाला. त्याची तारीख १५ धरावी.’

चेकवर तारीख घातलेली नव्हती. मिलवाल्यांनी ‘त्याची’ लिहिले ते चेकला उद्देशून. १५ तारखेला तो बँकेत भरावयाचा होता. पेढीवरील शेठजींची समजूत मात्र अशी की चेकची तारीख आपण मागाहून कळवू. म्हणून त्यांनी ‘त्याची’ म्हणजे बिलाची असे वाचले आणि उधारीचे दिवस १५ पासून मोजू लागले. खात्यात पुरेशी शिल्लक ठेवली नाही. चेक परत आला. चेक न वटल्यास १८८१ च्या कायद्यातील कलम १३८ आहेच. पण एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या चाललेला व्यवहार नोटिशीच्या भाषेत बोलू लागला, तर ते नुकसान कोणत्या खात्यात मांडावे?

मराठीत तीन लिंगे असल्यामुळे असा घोटाळा होऊ नये, असे वाटते. तो चेक, ते बिल, ती पावती : ‘तो जपून ठेवा’ म्हटले की बिलाचा प्रश्नच उरत नाही. परंतु शब्दाला प्रत्यय लागताच पुल्लिंग व नपुंसकलिंग यांचे रूप एक होते. चेकचीही ‘त्याची’ आणि बिलाचीही ‘त्याचीच’. पावती तेवढी ‘तिची’ म्हणून वेगळी राहते. घरी मारवाडी बोलणाऱ्यांची अडचण आणखी थोडी मोठी; तेथे लिंगे दोनच, त्यामुळे मराठीतले ‘ते’ जिभेवर उशिरा बसते.

क्रियापद कधी कधी सावरून घेते. ‘परत पाठवला’ म्हटले तर चेक, ‘परत पाठवले’ म्हटले तर बिल. आज्ञेत मात्र हा आधार तुटतो : ‘परत पाठवा’ यातून काहीच कळत नाही. आणि पेढीवरचे निरोप बहुतेक आज्ञेचेच असतात! सर्वनामाच्या सर्वांत जवळचे नाम तेच खरे, हा नियमही भरवशाचा नाही. वरच्या निरोपात चेकच जवळ होता. शेठजींच्या मनात बिल होते.

‘ते’ तर त्याहून फसवे. ‘मुनीमजी बिल घेऊन निघाले आहेत. ते सांभाळून ठेवा.’ येथे आदरार्थी मुनीमजीही ‘ते’ आणि बिलही ‘ते’. मुनीमजींना तिजोरीत कोणी ठेवणार नाही, म्हणून हसून सोडता येते.

निरोप धाडण्यापूर्वी सर्वनामाच्या जागी आधीचे एकेक नाम घालून वाचावे. ‘चेकची तारीख १५ धरावी’ जुळते. ‘बिलाची तारीख १५ धरावी’ हेही जुळते. दोन नामे जुळली की सर्वनाम काढून नामच लिहावे. माल आणि चेक दोन्ही पुल्लिंगी असल्याने ‘तो थांबवा’ यालाही हीच कसोटी लावावी. गाडी थांबवायची की चेक भरणे, हे वाचणाऱ्याला तर्काने ठरवावे लागू नये.