गाणारं अस्वल आणि गप्प कॅरम

बॅटरीवरच्या खेळण्यांशी माझं वैर जुनं आहे, हे नेहमीच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. रिटर्न गिफ्टवर लिहिलं तेव्हा दोन वाचकांनी मला ‘आनंदाचे शत्रू’ ठरवलं होतं. त्यांच्यासाठी या आठवड्याचा वृत्तांत.

रविवारी शेजारच्या सात वर्षांच्या मुलीचा वाढदिवस होता. तिच्या दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं आहेत. पाहुण्यांनी हे पाहिलं आणि आवाज करणाऱ्या भेटी आणल्या. ऐकायला कमी येतं ना, मग जास्त ऐकवा! पोट दाबलं की कुठल्याशा परदेशी सुरात ‘ए फॉर ॲपल’ गाणारं अस्वल, बोलणारा टॅब, आणखी दोन गाणारी यंत्रं. खोक्यांवर अर्थातच ‘शैक्षणिक’ असं लिहिलेलं. हा शब्द छापला की किंमत दुप्पट होते, असा माझा जुना संशय आहे. तिचा मामा मात्र कॅरम घेऊन आला, तोही लहान बोर्डाचा, आणि त्यावर तिच्यासोबत दहा वर्षांच्या दादाचंही नाव घातलेलं.

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण पंख्याचा, कुकरचा आणि अस्वलाचाही करतं. त्या गोंगाटातून शब्द वेगळे काढायला मुलीला समोरचे ओठ आणि हावभाव लागतात. अस्वलाचे ओठ हलत नाहीत. टॅबचं दुखणं वेगळं आहे. दोघं भावंडं शेजारी बसून पडद्यात पाहतात. दादा म्हणतो, ‘तो हिरवा दाब.’ ऐकणारं मूल नजर न हलवता हिरवा दाबेल. हिला मात्र दादाकडे बघायला पडदा सोडावा लागतो, आणि नजर परत येईपर्यंत हिरवा गेलेला असतो. चूक तिची ठरते, वैतागतो दादा. ‘काय म्हणालास?’ असं तिनं विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही गं!’ कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या घरातलं सगळ्यात विषारी वाक्य हेच.

आता कॅरम बघा. बुधवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा डाव चालू होता. बोर्डाच्या बाजूंनी बसायचं म्हणजे तोंडं आपोआप समोरासमोर, मध्ये दोन-अडीच फूट, श्रवणयंत्राला झेपेल एवढंच अंतर. पाळी कुणाची हे विचारावं लागत नाही, स्ट्रायकर ज्याच्या हातात त्याची. आणि मुख्य म्हणजे नेम धरताना कुणी बोलत नाही. बोलणं होतं ते फटका बसल्यावर, सगळे मान वर करतात तेव्हा. बघायची वेळ वेगळी आणि बोलायची वेळ वेगळी, हे कॅरम कुणी न शिकवता पाळतं.

कॅरममध्ये जादू आहे असं नव्हे. सुरुवातीला दादा खिडकीकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे त्याचा चेहरा काळा दिसत होता आणि मुलगी नुसतीच ‘हो हो’ करत मान हलवत होती. सगळे हसले की ती क्षणभरानं हसायची. अशी उशिरा हसणारी मुलं विनोदावर नाही, इतरांच्या तोंडाकडे बघून हसतात. खेळ कळत नसल्याची ही पक्की खूण. आईनं दादाला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलं, टीव्ही बंद केला, बोर्डाखाली गोधडी घातली तसा खणखणाट कमी झाला. पावडर लावलेला हात पुसल्याशिवाय यंत्राला लावायचा नाही, हा नियम मुलीनं स्वतःच मला दाखवला. लक्ष वेधायला दादा तिच्यासमोर हात हलवतो, पाठीमागून हाक मारत नाही. फाऊल, राणी आणि कव्हर यांच्या खुणा दोघांनी मिळून ठरवल्यात. ज्या घरात भारतीय सांकेतिक भाषा वापरतात, त्यांना खुणा नव्यानं रचायचीही गरज नाही. दिल्लीच्या सरकारी केंद्राच्या शब्दकोशात दहा हजारांहून अधिक शब्द आहेत.

कॅरम न आवडणाऱ्यांनी पत्ते द्यावेत. बदाम सातमध्ये सगळा डाव जमिनीवर उघडा दिसतो. अंताक्षरी आणि संगीत खुर्चीचं सामान मात्र देऊ नये. ज्या घरात कॅरम आहे तिथं भावंडं कमी भांडतात, असंही माझं मत आहे. पुरावा मागू नका, नाही.

बुधवारच्या डावात दादानं राणी घेतली आणि कव्हर चुकवलं. तो काही बोलायच्या आत मुलीनं राणी उचलून मधोमध ठेवली आणि सगळ्यांच्या आधी हसली. तेवढ्यात कपाटावर टाकलेलं अस्वल कशानं कोण जाणे आपोआप गाऊ लागलं. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. उठून ते बंद करावं लागलं मला.