स्तंभावरची ती छोटी रेघ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे 2015-16 मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 34.4 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. पाचव्या फेरीत हाच आकडा 35.2 टक्के निघाला. आता हे दोन आकडे शेजारी शेजारी दोन स्तंभांत काढा आणि उभा अक्ष शून्याऐवजी 34 पासून सुरू करा. दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसेल आणि कुपोषण भडकले असा मथळा सुचायला वेळ लागणार नाही. अक्ष शून्यापासून घेतला तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसतात, आणि मग प्रश्न उरतो तो खरा: हा 0.8 टक्क्यांचा फरक मुलांमध्ये पडला आहे, की फक्त मोजायला निवडलेली मुले वेगळी होती म्हणून दिसतो आहे?

या प्रश्नाचे उत्तर स्तंभाच्या उंचीत नसते. ते स्तंभाच्या टोकावर काढलेल्या छोट्या उभ्या रेघेत असते, जिला एरर बार म्हणतात. सर्वेक्षणात राज्यातले प्रत्येक मूल मोजलेले नसते. काही हजार मुले मोजून सगळ्यांविषयी अंदाज बांधलेला असतो. दुसऱ्या गावांतली मुले निवडली गेली असती तर आकडा थोडा वर किंवा खाली आला असता. हे ‘थोडे’ म्हणजे किती, ते ही रेघ दाखवते. महाराष्ट्राच्या आकड्यावर ती दोन्ही बाजूंना साधारण सव्वा ते दीड टक्क्याची येईल. अशी रेघ दोन्ही स्तंभांवर काढली की 34.4 आणि 35.2 एकमेकांच्या हद्दीत शिरतात. रेघा एकमेकींवर आल्या म्हणजे फरक नाहीच, असा नियम मात्र नाही. त्या टोकाला जेमतेम शिवत असतील तर फरक खरा असूही शकतो आणि तेव्हा फरकाचीच वेगळी मर्यादा काढावी लागते. पण इथे एका स्तंभाचे टोक दुसऱ्याच्या रेघेच्या आतच पडते. खुजेपणा वाढला असे म्हणता येत नाही, आणि मधल्या काळात तो कमी झाला असे तर मुळीच नाही.

राज्यावरून नाशिककडे आले की रेघ लांबते. पाचव्या फेरीत देशभरात 6,36,699 घरांची पाहणी झाली आणि जिल्हे होते 707. म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशे घरे. त्या घरांत उंची मोजता येईल अशी पाच वर्षांखालची मुले काही शेकडाच सापडणार. समजा 250 मुले मोजली आणि त्यातली 35 टक्के खुजी निघाली. एक्सेलच्या एका चौकटीत हे सूत्र लिहावे:

```
=1.96*SQRT(0.35*0.65/250)
```

उत्तर येते 0.059, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा टक्के. पण एकाच गावातली मुले एकमेकांसारखी असतात. पाणी तेच, अंगणवाडी तीच, शेतीचे उत्पन्नही सारखेच. त्यामुळे 250 मुलांकडून 250 वेगवेगळ्या गावांतल्या मुलांइतकी माहिती मिळत नाही. तेवढी सूट धरली की रेघ साधारण सात टक्क्यांची होते. जिल्ह्याचा खरा आकडा 28 ते 42 यांमध्ये कुठेही असू शकतो. अशा दोन जिल्ह्यांत तीन-चार टक्क्यांच्या फरकाने एकाला वरचा आणि दुसऱ्याला खालचा क्रमांक देणे म्हणजे हवेत काठी फिरवणे. सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात ही रेघ नसते. 25 ते 49 जणांवरून काढलेला आकडा कंसात टाकलेला असतो आणि 25 पेक्षा कमी जण असतील तर आकड्याऐवजी फुली असते, एवढीच खूण. निफाड आणि सुरगाणा तालुक्यांची स्थिती वेगवेगळी सांगणे तर या नमुन्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तरीही पत्रकातला दशांश चिन्हानंतरचा आकडा घेऊन बैठकांत जिल्ह्याला शाबासकी किंवा बोलणी मिळतात.

ही रेघ काढणे अवघड नाही. आकड्यांच्या शेजारच्या रकान्यात प्रत्येक स्तंभाची स्वतःची मर्यादा लिहावी, म्हणजे राज्यासमोर 1.3 आणि जिल्ह्यासमोर 7. मग आलेख निवडून `Add Chart Element`, `Error Bars`, `More Error Bars Options` असे जाऊन `Custom` आणि `Specify Value` घ्यावे. वरच्या आणि खालच्या दोन्ही चौकटींत तोच रकाना द्यावा. रेषालेखालाही हीच रीत चालते.

चूक होते ती त्याच यादीतल्या `Standard Error` किंवा `Percentage` वर घाईने बोट ठेवल्यामुळे. एक्सेलपुढे मुले नसतात, फक्त स्तंभांच्या उंची असतात. `Standard Error` त्या उंचींवरूनच काहीतरी काढतो आणि तीच लांबी सगळ्या स्तंभांना लावतो. `Percentage` तर उंचीचे ठरावीक पाच टक्के घेतो. 250 मुलांचा जिल्हा आणि हजारो मुलांचे राज्य यांच्यावर सारख्याच लांबीच्या रेघा दिसल्या, तर ती मोजमापाची रेघ नाही, सजावट आहे हे ओळखावे.

रेघ बरोबर काढली तरी ती कशाची आहे हे खाली लिहिलेले नसेल तर ती निरुपयोगीच. समजा एका शिबिरात 100 महिलांचे हिमोग्लोबिन तपासले आणि सरासरी 11 आली. महिला-महिलांमधला फरक दाखवणारे प्रमाण विचलन 1.5 असेल तर रेघ 9.5 ते 12.5 अशी जाते आणि साधारण दोन तृतीयांश महिला त्यात बसतात. सरासरी किती खात्रीची आहे हे दाखवणारी 95 टक्के खात्रीची रेघ मात्र 10.7 ते 11.3 इतकीच भरते. दोन्ही रेघा दिसायला एकसारख्या. आखूड रेघ देखणी दिसते म्हणून शोधनिबंधांत तीच जास्त आढळते, आणि वाचणाऱ्याला वाटते की सगळ्या महिला अकराच्या आसपासच आहेत. नऊच्या खाली असलेल्या, उपचारांची खरी गरज असलेल्या महिला त्या आलेखात कुठेच दिसत नाहीत.

आणि एक गोष्ट कोणतीच रेघ सांगत नाही. महाराष्ट्रात मुलांमधील रक्तक्षय चौथ्या फेरीत 53.8 टक्के होता, पाचव्या फेरीत तो 68.9 टक्के झाला. इथे रेघा एकमेकींच्या जवळपासही येत नाहीत, म्हणून नमुन्याच्या योगायोगाने हा फरक पडला असे म्हणता येणार नाही. पण या सर्वेक्षणात बोटाला टोचून आलेल्या थेंबात हिमोग्लोबिन मोजतात. बोट दाबून थेंब काढला की त्यात पेशींभोवतीचे पाणी मिसळू शकते. 2016 ते 2018 या काळातल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले आणि देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय 41 टक्के निघाला. त्याच सुमाराच्या चौथ्या फेरीत देशाचा आकडा 58 च्या वर होता. वयोगट थोडा वेगळा आहे हे खरे, पण एवढी दरी त्याने भरून निघत नाही. दोन्ही नमुने प्रचंड, म्हणून दोन्ही स्तंभांवरच्या रेघा आखूड, आणि दोन स्तंभांत सतरा टक्क्यांचे अंतर. तराजूच चुकीचा असेल तर हजार वेळा तोलूनही वजन चुकीचेच येते, फक्त प्रत्येक वेळी सारखे येते. सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळून ती शिरेतले रक्त घेणाऱ्या वेगळ्या पाहणीकडे सोपवली गेली, ती या वादानंतरच. तोपर्यंत 68.9 चा स्तंभ छापायचा असेल, तर त्याच्याखाली ‘बोटातले रक्त’ हे दोन शब्द छापायला हवेत.