बटाटा कोणत्या रकान्यात?



दुसरीच्या अन्नगटांच्या तक्त्यात बटाटा भाज्यांऐवजी भाताशेजारी दाखवल्याबद्दल गेल्या अंकातील पत्रलेखकाने घेतलेला आक्षेप बाजाराच्या हिशेबाने रास्त असला, तरी आहारशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. अन्नगट, म्हणजे शरीराला साधारण सारखेच घटक पुरवणाऱ्या पदार्थांचा समूह, पदार्थ कुठे विकला जातो यावरून ठरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांत कंदमुळांचा गट भाज्यांपासून वेगळाच आहे, आणि बटाट्यातून मुख्यतः पिष्टमय पदार्थ, म्हणजे ऊर्जा देणारा स्टार्च, मिळतो. अमेरिकेच्या तक्त्यात मात्र बटाटा भाज्यांत आणि ब्रिटनच्या तक्त्यात धान्यांसोबत येतो, हेही मान्य करावे लागते.

या तक्त्यावरील स्वाध्यायाचा खरा दोष पत्रलेखकाच्या नजरेतून निसटला आहे. त्यात थालीपिठाचे चित्र कापून एकाच रकान्यात चिकटवायचे आहे. पण भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्यासोबत हरभरा आणि उडीदही असतात, त्यामुळे ‘धान्य’ आणि ‘डाळी’ ही दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात, आणि गुण मात्र एकालाच मिळतो. अशा वेळी तयार पदार्थाऐवजी त्याचे जिन्नस वेगवेगळे छापावेत: ज्वारी धान्यात, हरभरा डाळीत, कांदा-कोथिंबीर भाज्यांत, सोबतचे दही दुधाच्या रकान्यात. मग फळांचा रकाना रिकामा राहिल्याचे मूल स्वतःच दाखवते.

— एक वाचक