बाळंतिणीचे पहिले चौदा दिवस: डिंकाचा लाडू थोडा थांबू शकतो



घरात बाळ आले की पहिल्याच दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा उघडतो. माझे मत स्पष्ट आहे: लाडू जरूर द्या, पण पहिल्या आठवड्यात नको. बाळंतिणीचा आहार पायरीपायरीने चढवायला हवा. बाळंतपणानंतर आतडी मंदावलेली असतात, हालचाल कमी असते, टाके असतील तर शौचाला जायचीही भीती वाटते. अशा पोटात डिंक, खोबरे, सुकामेवा आणि वाटीभर तूप गेले की पोट फुगते, गच्च होते. मग सगळे म्हणतात, "हिला तूप सोसत नाही." तूप सोसते, फक्त वेळ चुकलेली असते.

माझ्या सुनेसाठी मी केलेली आखणी सांगते. तिची प्रसूती नैसर्गिक होती. सिझेरियन असेल तर खाणे कधी सुरू करायचे ते डॉक्टरच सांगतील, पुढचा क्रम मात्र हाच ठेवता येतो.

पहिले तीन दिवस: सकाळी तांदळाची किंवा रव्याची पातळ पेज, त्यात जिरे आणि एक चमचा तूप. दुपारी मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, शिजवलेली दुधी किंवा पडवळ. सूर्यास्तापूर्वी मुगाची सैल खिचडी. फोडणी हिंग, जिरे, ओवा आणि हळदीची. आपल्याकडे लसूण नसतो म्हणून कुणी हळहळते, पण पोटातल्या वाऱ्यासाठी ओवा, हिंग आणि सुंठ एवढे पुरते.

चौथा ते सातवा दिवस: या सुमारास दूध भरून येते, छाती जड होते. दूध वाढवायच्या पदार्थांची तेव्हा घाई नको. बाळाला वारंवार पाजणे हेच मुख्य काम. जेवणात ज्वारीची मऊ भाकरी दुधात कुस्करून, दोडका किंवा लाल भोपळा, आणि सकाळी अळिवाची खीर आणावी. एक लहान चमचा अळीव दोन तास पाण्यात भिजवायचे, फुगले की दुधात शिजवून गूळ घालायचा. जेवणानंतर भाजलेला बाळंतशेपा, ओवा आणि तीळ चिमूटभर.

आठवा ते चौदावा दिवस: पोट रोज साफ होत असेल, तरच डिंकाचा लाडू. तोही लिंबाएवढा, सकाळी एकच. दोन दिवस पाहायचे, त्रास नसेल तर मेथीचा किंवा खारकेचा लाडू आलटून पालटून. बाजरीची भाकरी, तुरीचे वरण, पनीर, शेपूची भाजी हळूहळू. चातुर्मासात पालेभाजी बंद असेल तर बाळंतशेपा आणि मेथीदाणा आहेतच. शौचाला पुन्हा घट्ट झाले तर लाडू बंद करून दोन दिवस खिचडी, भिजवलेल्या मनुका आणि भरपूर कोमट पाणी.

पाण्यावरून मात्र घरोघरी वाद होतो. पाणी कमी दिले की पोट आत जाते, ही समजूत सोडून द्या. पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते आणि पाणी तोडले की बद्धकोष्ठ होते. आपल्या घरात उकळलेले पाणी असतेच. बाळाला पाजताना प्रत्येक वेळी एक पेला जवळ ठेवा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे.

दुसरा प्रश्न रात्रीचा. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि रात्री दोन वाजता खरोखर भूक लागते. दिवसाची जेवणे तीनऐवजी पाच करा, शेवटचे सूर्यास्ताच्या जरा आधी आणि भरीव ठेवा. तरीही भूक लागली तर काय करायचे, हे तिचे तिने ठरवावे. नियम घेतला असेल तर महाराजसाहेबांना किंवा माताजींना विचारून घ्यावे. सासूने तिच्या वतीने कडक राहू नये. तिचा उपवास बाळालाही घडतो.

लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका, आणि "आता लाडू सुरू झाले" म्हणून ती बंदही करू नका. लाडू गोळीची जागा घेत नाही.

दूध पुरते की नाही हे लाडवांवरून ठरत नाही, बाळावरून ठरते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा लंगोट ओले होत असतील आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माचे वजन परत भरून आले असेल, तर आहार बरोबर चालला आहे. मात्र आईला ताप, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, दुर्गंधी किंवा पोटरीत दुखणे असेल तर काढ्याची वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

लाडू करून ठेवा, डबा मात्र आठव्या दिवशी उघडा.