पन्हाळ्याचा उतार आणि नकाशावरचे क्षेत्रफळ

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला, तेव्हापासून कोल्हापूर परिसरातल्या सर्वेक्षकांपुढे कड्यांच्या मोजणीचा प्रश्न वारंवार येतो. दरडीवर बसवायची जाळी चौरस मीटरवर मोजली जाते. ती उतारावर बसते, नकाशावर नाही. तरीही कित्येक अंदाजपत्रकांत नकाशावरचेच क्षेत्रफळ धरलेले दिसते.

फरक किती पडतो, ते एका नमुन्याच्या त्रिकोणावर पाहू. शिरोबिंदूंचे पूर्व, उत्तर आणि उंचीचे निर्देशक मीटरमध्ये असे घ्या: A (४०५२००, १८५८७००, ८२०), B (४०५२१२, १८५८७०४, ८२३), C (४०५२०३, १८५८७०६, ८३२). प्रथम A वजा करायचा. मग AB = (१२, ४, ३) आणि AC = (३, ६, १२) हे दोन सदिश मिळतात. त्यांचा सदिश गुणाकार (३०, −१३५, ६०) येतो. त्याची लांबी सुमारे १५०.७५, म्हणून त्याच्या निम्मे, म्हणजे ७५.४ चौरस मीटर, हे त्रिकोणाचे खरे क्षेत्रफळ.

आता तिसऱ्या घटकाकडे पाहा. ६० चे निम्मे ३० चौरस मीटर, आणि नकाशावर दिसणारे क्षेत्रफळ नेमके तेवढेच. खरा पृष्ठभाग त्याच्या अडीचपट आहे. ६० ला १५०.७५ ने भागले की उताराच्या कोनाची कोज्या मिळते. कोन सुमारे ६६.५ अंश. एकाच गुणाकारातून तिन्ही गोष्टी हाती येतात, म्हणून हेरॉनच्या सूत्रापेक्षा मला हीच रीत या कामासाठी सरस वाटते. तिन्ही बाजू मोजूनही उताराचा कोन कळत नाही.

वजाबाकी मात्र आकडे साठवण्याआधी, पूर्ण अचूकतेने करावी. ३२ बिटांच्या फ्लोट संख्येत १८५८७०० च्या आसपास लगतच्या दोन किमतींमध्ये साडेबारा सेंटिमीटरचे अंतर असते. ड्रोनच्या बिंदूंचे उत्तरेचे निर्देशक असे साठवले की ते सरळ पायऱ्यांवर बसतात, आणि लहान त्रिकोणांचे क्षेत्रफळ बिघडते. बिंदू पट्ट्यापट्ट्यांत दिसू लागले, की दोष इथे आहे हे ओळखावे.

दुसरी मर्यादा गणिताची नाही, खडकाची आहे. खडबडीत कड्यावर बिंदू जितके दाट घ्याल, तितके क्षेत्रफळ वाढते, कारण प्रत्येक खाचखळगा मोजला जातो. मोजणीतला थरथराटही त्यात भर घालतो. ताणून बसवलेली जाळी बारीक खळग्यांवरून सरळ जाते, फवारलेले काँक्रीट मात्र त्यांत शिरते. जाळीसाठी विरळ आणि फवाऱ्यासाठी दाट त्रिकोण घेणे म्हणूनच योग्य.

मोजमाप पुस्तिकेत क्षेत्रफळाशेजारी बिंदूंमधले अंतरही लिहा. त्याशिवाय त्या आकड्याची फेरतपासणी करता येणार नाही.