सौजन्य नको, हिशोब द्या

माझी अम्मी मिरजेत राहते. वय एकाहत्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तिच्या मोबाइलचं बिल दरमहा येतं, कारण बारा-पंधरा वर्षांपूर्वी मीच तिला पोस्टपेड कनेक्शन घेऊन दिलं. सारखं रिचार्ज करायची कटकट नको, एवढाच त्यामागचा विचार. प्लॅन ३९९ रुपयांचा, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ४७० रुपये ८२ पैसे. हा आकडा अम्मीला तोंडपाठ आहे. घरातली सगळी बिलं ती एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात तारीखवार लावून ठेवते.

फेब्रुवारीत बिल आलं ५८७ रुपये ६४ पैशांचं. ती घाबरली. मला फोन करून म्हणाली, "बेटा, मेरे से कुछ गलत दबा क्या?" मी पुण्यातून बिलाची प्रत उघडून पाहिली. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात 'मूल्यवर्धित सेवा' असा एक रकाना होता आणि त्यात कुठल्याशा गेमिंग क्लबचे ९९ रुपये लावलेले. त्यावरचा कर १७ रुपये ८२ पैसे. जिला व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो मोठा करून बघता येत नाही, ती गेमिंग क्लबची सभासद!

मी ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. म्हणाला, "सर, सेवा ग्राहकाच्या संमतीनेच सुरू झाली आहे. तरी या वेळेपुरते सौजन्य म्हणून आम्ही ९९ रुपये परत देतो." मी खूश झालो. इथेच मी फसलो, आणि हा लेख त्या फसण्याबद्दलच आहे.

सौजन्य या शब्दाचा अर्थ नीट बघा. कंपनी म्हणते, आमची चूक नाही, पण तुम्ही नाराज आहात म्हणून आम्ही उदार होतो. चूक मान्य नाही म्हटल्यावर ती शोधायची गरज उरत नाही. तक्रार 'निवारण झाले' अशा शिक्क्यानिशी बंद होते आणि ज्या वर्गणीमुळे पैसे लागले, ती तशीच चालू राहते. अम्मीच्या नंबरावर नेमकं हेच झालं. मार्चच्या बिलात ९९ रुपये जमा दाखवले आणि त्याच बिलात त्याच क्लबचे नवे ९९ रुपये लावले. वजाबाकी होऊन बिल आलं ४८८ रुपये ६४ पैसे, म्हणजे नेहमीपेक्षा जेमतेम अठरा रुपये जास्त. फक्त शेवटचा आकडा पाहणाऱ्याला वाटेल की प्रकरण मिटलं. वरचे अठरा रुपये कसले, तर नव्या ९९ रुपयांवरचा कर. फेब्रुवारीत घेतलेला कर तर त्यांनी परतही केला नव्हता. कंपनीचं सौजन्य करापर्यंत पोचत नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा ५८७ रुपये ६४ पैसे. पुन्हा फोन केला. या वेळी उत्तर असं की सौजन्य एकदाच मिळतं, ते तुम्ही वापरलेलं आहे. आणि वर एक वाक्य, "घरात लहान मुलं असतील, त्यांनी दाबलं असेल."

या वाक्याने माझ्या घरात काय केलं ते सांगतो. अम्मीजवळ माझा पुतण्या राहतो, सातवीत आहे. संध्याकाळी तो तिचा फोन घेतो. मी त्याला फोनवरच झापलं. तो रडत राहिला, "नाही केलं चाचू" म्हणत राहिला. मी ऐकलं नाही. अम्मीने फोन कपाटात ठेवायला सुरुवात केली. नातवावर लक्ष ठेवायचं आणि स्वतःचं बोटही जपून टाकायचं. ९९ रुपयांची चोरी घराबाहेर झाली होती आणि संशयितांची ओळखपरेड घरात चालू होती. मे महिन्यात चौथ्यांदा तेच बिल आलं, तेव्हा मी फोन ठेवला आणि लिहायला बसलो.

लिहिण्याआधी नियम पाहिले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३ साली सगळ्या कंपन्यांना आदेश दिला आहे की अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी. पहिली सेवा मागताना. दुसरी, किंमत आणि मुदत स्पष्ट दाखवून, आणि तीही सेवा विकणाऱ्याकडून नव्हे, तर वेगळ्या यंत्रणेमार्फत. असा आदेश द्यावा लागला तो उगाच नाही. मोबाइलवर काही वाचताना मध्येच जाहिरात उघडते, ती बंद करायला आपण फुलीवर बोट टेकतो आणि ती फुलीच होकाराचं बटण असते. म्हणून दोन होकार हवेत, आणि दोन्हींची नोंद कंपनीकडे हवी.

मग प्रश्न उलटा होतो. अम्मीने बटण दाबलं नाही हे मी सिद्ध करायचं नाही. दाबलं, तेही दोनदा, हे कंपनीने दाखवायचं. उधारीवर माल दिला म्हणणारा वाणी वही दाखवतो. वही दाखवत नसेल तर उधारी नाही. एवढा साधा व्यवहार आपल्या आजोबांना कळत होता. मोबाइल कंपनीसमोर मात्र आपण वही मागायचं विसरतो आणि स्वतःच्याच बोटावर संशय घेतो.

मी लिहिलेलं पत्र एका पानाचं होतं. त्यात राग नव्हता, विशेषणं नव्हती. मजकूर साधारण असा:

"माझ्या नंबरावर फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि मे या चार बिलांत एका गेमिंग सेवेचे प्रत्येकी ९९ रुपये व त्यावरील कर १७.८२ रुपये लावले आहेत. चार महिन्यांची एकूण रक्कम ४६७.२८ रुपये. पैकी ९९ रुपये आपण मार्चमध्ये जमा केले. बाकी ३६८.२८ रुपये. ही सेवा मी कधीही मागितलेली नाही. माझ्या आधीच्या दोन तक्रारींचे क्रमांक खाली दिले आहेत. माझ्या मागण्या अशा: एक, सेवा आजच बंद करावी आणि यापुढे माझ्या नंबरावर अशी कोणतीही सेवा सुरू होणार नाही अशी नोंद करावी. दोन, दोन्ही संमती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने घेतल्या, त्याची नोंद पाठवावी. तीन, अशी नोंद नसल्यास ३६८.२८ रुपये चूक म्हणून परत करावेत, सौजन्य म्हणून नव्हे. बिलातील माझ्या प्लॅनची रक्कम मी भरत आहे. वादातील रकमेवर विलंब शुल्क लावू नये आणि सेवा खंडित करू नये."

खाली अम्मीची सही. कनेक्शन तिच्या नावावर आहे, म्हणून पत्रही तिचंच. सोबत चारही बिलांच्या प्रती, त्या रकान्यावर पेनने गोल करून.

आता त्यातल्या दोन गोष्टींबद्दल. पहिली, तक्रार क्रमांक. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणं कंपनीला बंधनकारक आहे. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. दुसरी, रागात येऊन पूर्ण बिल थांबवू नका. तसं केलं की तुम्ही फसवले गेलेले ग्राहक राहत नाही, थकबाकीदार होता, आणि मग पत्रव्यवहार त्या थकबाकीवर चालतो.

तिसऱ्या दिवशी संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' काय निवारण, ते नाही. नोंद नाही, पैसे नाहीत. बहुतेक लोक इथे थांबतात, कारण पुढे दार आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. त्याच २०१२ च्या नियमांत प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. त्याच्याकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येतं, फी लागत नाही आणि त्याने एकोणचाळीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्याला सल्ला देणाऱ्या समितीत एक सदस्य ग्राहक संघटनेचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहून वाट बघण्यात अर्थ नाही.

अपिलात मी नवं काहीच लिहिलं नाही. तेच पत्र जोडलं, आलेला संदेश जोडला आणि एकच ओळ घातली: मागितलेली नोंद मिळालेली नाही. महिन्याभराने उत्तर आलं. सेवा बंद केली, नंबरावर तशा सेवांना कायमची बंदी घातली आणि ३६८ रुपये २८ पैसे बिलात जमा केले. संमतीची नोंद मात्र आली नाही. त्याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. वही नव्हतीच.

काही मित्र म्हणाले, साडेतीनशे रुपयांसाठी एवढा खटाटोप? माझं उत्तर असं की हा धंदा उभा आहे तो याच प्रश्नावर. हजार रुपये कापले तर माणूस भांडतो, ९९ कापले तर सोडून देतो. रक्कम मुद्दाम अशी निवडलेली असते की आपली लाज आणि आळस मिळून ती माफ करतील.

आणि अपिलातही न्याय मिळाला नाही तर? २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन टेलिफोन बिलाची भांडणं ग्राहक मंचात चालत नाहीत असं कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या. अहमदाबादच्या एका ग्राहकाला सरासरी साडेपाचशेच्या जागी एका महिन्याचं बिल चोवीस हजारांहून अधिक आलं. तो भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की ग्राहकाला ग्राहक मंचाचं दार खुलं आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे मिरजेच्या अम्मीला सांगलीपलीकडे जावं लागणार नाही.

तुमच्या आईवडिलांचं बिल आज उघडून बघा, शेवटचा आकडा नाही, दुसरं पान. तिथे अनोळखी सेवा दिसली तर १५५२२३ या नंबरावर STOP असा संदेश पाठवा, तो फुकट जातो. त्याने सेवा थांबेल, पण गेलेले पैसे आणि नोंद मागायला पत्रच लागेल.

माझं एक काम उरलं होतं. ईदला मिरजेला गेलो तेव्हा कंपनीचं उत्तर छापून नेलं आणि पुतण्याला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मी नव्हतो ना?" मी माफी मागितली. अम्मीने तो कागद घेतला, घडी घातली आणि डब्यात मेच्या बिलामागे ठेवला. फोन आता कपाटात नसतो.